डायनिंगच्या बेसिनला वास: बॉटल ट्रॅप, पी ट्रॅप आणि भिंतीतल्या पॉइंटची उंची

नाशिकरोडच्या एका सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. डायनिंगमधलं जुनं बेसिन काढून ग्रॅनाईटवर टेबलटॉप बेसिन बसवलेलं, खाली शटरचं कपाट, फ्लोअरिंग नवीन, सगळं चकाचक, आणि काम झाल्यावर थोड्याच दिवसांत तिथे गटाराचा वास यायला लागला. दिवसभर नाही, सकाळी सात ते नऊ आणि रात्री जेवायच्या वेळेला. काकूंचं म्हणणं असं की बेसिनमधून मधेच गुडगुड आवाज येतो आणि लगेच वास सुटतो. ज्या प्लंबरने फिटिंग केलं त्याने येऊन वॉल फ्लँजच्या, म्हणजे पाइप भिंतीत शिरतो तिथल्या गोल चकतीच्या, मागे सिलिकॉन भरलं, दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. कुठल्याही नटातून पाण्याचा एक थेंब गळत नव्हता, त्यामुळे तो म्हणे ट्रॅप, म्हणजे बेसिनखाली थोडं पाणी धरून वास अडवणारं फिटिंग, ओके आहे, वास खालच्या डक्टमधून येतोय.

हे प्रकरण नीट लिहायचं कारण म्हणजे बॉटल ट्रॅप न गळतासुद्धा पूर्ण निकामी असू शकतो, ही गोष्ट फिटिंग करणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि त्याचं मूळ बऱ्याचदा भिंतीतल्या पॉइंटच्या, म्हणजे बेसिनचा पाइप जिथे भिंतीत शिरतो त्या भोकाच्या, उंचीत असतं.

आधी हे बेसिन जोडलंय कुठे ते बघितलं. आपल्याकडे बाथरूममधलं बेसिन बऱ्याचदा फरशीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेलं असतं, म्हणजे खाली वास अडवणारा आणखी एक पाण्याचा सील असतो आणि बेसिनच्या ट्रॅपने दगा दिला तरी लगेच कळत नाही. इथे तसं नव्हतं. डायनिंगचं बेसिन असल्याने भिंतीतून दीड इंची पाइप थेट डक्टमधल्या उभ्या लाइनला गेलेला, मधे नहाणी नाही, चेंबर नाही. म्हणजे घर आणि डक्टमधली लाइन यांच्यामध्ये जे काही पाणी उभं आहे ते फक्त त्या बॉटल ट्रॅपमधलं. वरच्या मजल्यांवर सकाळी आंघोळी चालू झाल्या की उभ्या लाइनमधून पाणी धडाधड खाली येतं, जाताना मागे हवा ओढतं, पुढे हवा दाबतं, आणि ती ओढ-दाब सहन करायचं काम त्या सीलचं. वासाच्या वेळा आणि गुडगुड ऐकल्यावरच सीलवर संशय गेला होता.

पण फ्लँजचा संशयही खोटा नसतो. सव्वा इंची क्रोमचा पाइप दीड इंची पीव्हीसीमध्ये नुसता सरकवून वरून फ्लँज दाबायची, मधल्या फटीला रबर नाही, असं काम खूप ठिकाणी असतं आणि तिथून वास येतोच. म्हणून दोन्ही वेगळं करून बघितलं. रात्री बेसिनच्या जाळीवर आणि ओव्हरफ्लोच्या भोकावर, दोन्हीवर, चिकटपट्टी लावून ठेवायला सांगितली. ओव्हरफ्लो विसरायचा नाही, कारण तो बेसिनच्या आतून जाळीखालच्या कपलिंगच्या भोकात उतरतो म्हणजे ट्रॅपच्या वरच्या बाजूला, जाळी बंद केली तरी वास तिथून येत राहतो आणि टेस्ट फसते. सकाळी वास नाही. दुपारी पट्टी काढली, रात्री जेवायच्या वेळेला वास हजर. म्हणजे फ्लँज ठीक, वास ट्रॅपमधूनच वर येतोय.

आता बॉटल ट्रॅपच्या आत काय असतं ते सांगतो. बेसिनच्या वेस्ट कपलिंगला एक उभा पाइप लागतो, तो वरच्या नटातून बॉडीच्या आत जातो आणि खालच्या कपात बुडतो. पाणी त्या पाइपातून खाली कपात पडतं, पाइपच्या बाहेरून वर चढतं आणि बाजूच्या आउटलेटच्या खालच्या काठावरून भिंतीकडे जातं. पाणी थांबल्यावर कपात त्या काठापर्यंत पाणी उभं राहतं. सील म्हणजे त्या काठापासून बुडलेल्या पाइपच्या टोकापर्यंतचं अंतर, कप किती मोठा आहे त्याचा याच्याशी काही संबंध नाही. भला मोठा कप पाण्याने भरलेला आहे पण पाइप त्यात पाच सूतच बुडालाय, तर सील पाच सूतच. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ट्रॅपला किमान ५० मिलीमीटर म्हणजे दोन इंच सील धरलेला आहे.

काकूंच्याकडे खाली बादली ठेवून कप हाताने फिरवून काढला. आधी पाणी पडलं, मग भाताची शितं, तेलकट पिवळा गाळ. चांगल्या बसवलेल्या ट्रॅपला कप काढला की पाइपचं टोक बॉडीच्या खाली बऱ्यापैकी लोंबताना दिसतं. इथे काहीच दिसेना, बोट आत घालून चाचपलं तेव्हा टोक लागलं. वरचा नट सैल करून पाइप खाली ओढून घेतला तर टोकाला जेमतेम दीड सेंटीमीटरचा काळपट चिकट पट्टा, त्याच्या वर क्रोम नवं कोरं. तो पट्टाच सांगत होता की पाइप कितपत बुडत होता. १५ मिलीमीटरच्या सीलवर हा ट्रॅप चालला होता. वरून कोणी बादलीभर पाणी सोडलं की तेवढं पाणी ओढलं जाणारच, गुडगुड तीच. आणि नंतर काकूंनी हात धुतले की कप परत भरतो, वास थांबतो, म्हणून तो कायमचा नव्हता, येऊन जाऊन होता.

पाइप असा वर का राहिला? कारण या जातीच्या ट्रॅपमध्ये उंची जुळवायचा पाइप आणि कपात बुडणारा पाइप हा एकच पाइप असतो. भिंतीतला पॉइंट खाली असला की फिटर बॉडी खाली घेतो, पाइप वरच राहतो, बाहेरून बघितलं तर सगळं सरळ, नट घट्ट, गळती नाही, पण आत पाइप कपातून तेवढाच बाहेर आलेला असतो. जितकी बॉडी खाली तितका सील कमी, मिलीमीटरला मिलीमीटर.

आकडे मांडतो म्हणजे कळेल, सगळे मिलीमीटरमध्ये, उंची तयार फरशीपासून. ग्रॅनाईटची वरची बाजू ७००, त्यावर बेसिन, त्यातून पाच इंची कपलिंग खाली येऊन तिचं टोक ५९५ वर. ट्रॅपचा उभा पाइप २०० मिलीमीटर लांब. भिंतीतल्या पॉइंटचा मध्य ४२० वर, आणि भिंतीकडे थोडा उतार हवा, आठ इंचाच्या अंतराला पाच मिलीमीटर पुरे, म्हणून ट्रॅपच्या आउटलेटचा मध्य ४२५. कपलिंगच्या टोकापासून तिथपर्यंत १७०. आउटलेटचा खालचा काठ मध्यापासून १५ खाली, म्हणजे १८५. पाइप २०० चा, उरले १५. कप उघडून जे मिळालं तेच गणितातही आलं.

आता उलटं करा. याच पाइपने ५० ते ७० मिलीमीटर सील हवा असेल तर भिंतीतला पॉइंट कुठे पाहिजे होता? ४५५ ते ४७५ च्या मधे. म्हणजे एक इंचाहून कमी पट्टा. यापेक्षा पॉइंट वर असेल तर एक वेळ चालतं, पाइपचं खालचं टोक जास्त बुडतं आणि कपाच्या तळाला टेकायला येतं, पाणी हळू जातं, पण तेवढा तुकडा हॅक्सॉने कापून टाकता येतो. तळापासून दोन सेंटीमीटर जागा सोडायची, डायनिंगच्या बेसिनला तर नक्कीच, शितं अडकतात. पण पॉइंट खाली गेला तर कापण्यासारखं काही उरत नाही, पाइप लांब करावा लागतो किंवा कपलिंग लांब घ्यावी लागते, नुसता ओढून चालत नाही. आणि पॉइंट खूपच वर, म्हणजे बॉडी पूर्ण वर सरकवूनही आउटलेटपेक्षा भिंतीतलं भोक वर राहतं असं झालं तर आडव्या पाइपात पाणी कायम उभं राहतं, तिथे साबणाचा गाळ बसतो, त्याला फिटिंगमध्ये इलाज नाही, भिंत फोडावी लागते.

मग इथे पॉइंट ४२० वर आला कसा? प्लंबरने पॉइंट काढला होता ४७५ वरच, त्याची सवयीची उंची बरोबर होती. पण त्याने माप घेतलं जुन्या फरशीपासून. नंतर जुन्या टाइल्स न फोडता त्यावरच माल टाकून नवीन टाइल्स बसवल्या, फरशी ५५ मिलीमीटर वर आली. ग्रॅनाईटवाल्याने मात्र ओटा नव्या फरशीपासून मोजून बसवला. म्हणजे ओटा फरशीबरोबर वर चढला आणि भिंतीतला पॉइंट तिथेच राहिला. रिनोव्हेशनमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. यासाठीच भिंतीवर आधी लेव्हल ट्यूबने तयार फरशीपासून एक मीटरची रेघ मारून घ्यायची आणि प्लंबर, टाइलवाला, ग्रॅनाईटवाला, तिघांनीही त्या रेघेपासून खाली मोजायचं, फरशीपासून कोणीच नाही.

ट्यूबुलर पी ट्रॅप इथे वेगळा का पडतो ते बघा. त्यात सील यू बेंडच्या आकारातच घडवलेला आहे. कपलिंगखालचा उभा तुकडा यू बेंडच्या तोंडात नटातून सरकतो, तो वर घ्या, खाली घ्या, यू मधलं पाणी तेवढंच राहतं. उंची जुळवणं आणि सील राखणं ही दोन कामं दोन वेगळ्या तुकड्यांकडे आहेत. हाच उभा तुकडा २०० चा धरला तर याच कपलिंगला भिंतीतला पॉइंट साधारण ३८० पासून ५०० पर्यंत कुठेही चालला असता. बॉटलला २० मिलीमीटर आणि पी ला १२०, मला वाटतं निवड करताना सगळ्यात आधी हे बघायला पाहिजे, दिसायला कसं हे नंतर.

दुसरा फरक बिघाड कळण्याचा. पी ट्रॅपमध्ये गटाराची हवा आणि घर यांच्यामध्ये पाण्याशिवाय जी भिंत आहे ती पाइपचीच बाहेरची भिंत. ती फुटली तर पाणी गळणार, कपाटातला पेपर ओला होणार, तुम्हाला कळणार. बॉटल ट्रॅपमध्ये बुडालेल्या पाइपची भिंत आतल्या आत आहे. ती कुजली, तिला चीर गेली, पाइप वर सरकला, वरची ओ-रिंग आतून निसटली, यातलं काहीही झालं तरी बाहेर एक थेंब येत नाही, हवा मात्र मोकळी. अमेरिकेतल्या कोडमध्ये आत असा पडदा असलेल्या ट्रॅपवर बंधनं आहेत ती याच कारणाने. आपल्याकडे बॉटल ट्रॅप सर्रास चालतो आणि नीट बसवला तर चांगला चालतो, माझं त्याच्याशी वैर नाही, पण बाहेरून कोरडा म्हणजे चांगला हा हिशोब त्याला लावता येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, सगळे बॉटल ट्रॅप या जातीचे नसतात. काहींमध्ये बुडणारी नळी बॉडीत पक्की बसवलेली असते आणि उंचीसाठी वर वेगळी सरकती मान असते, त्यांना उंची बदलली तरी सील तेवढाच राहतो. दुकानातच कप उघडून बघायचं, वरचा पाइप हलवायचा, खालचं टोक त्याच्याबरोबर हललं तर तो आपल्या प्रकरणातला. पाकिटावर हे लिहिलेलं क्वचितच सापडतं.

काकूंसमोर दोन मार्ग ठेवले. एक, बॉटल ट्रॅप तोच ठेवून पाच इंचीच्या जागी सात इंची कपलिंग. टोक ५० मिलीमीटरने खाली येतं आणि सील १५ वरून ६५ वर जातो, या ट्रॅपचा कप काठाखाली ९० खोल आहे त्यामुळे तळाला जागाही राहते. ओटा उघडा असता, खालचं सगळं दिसत असतं, तर मी हेच केलं असतं. दोन, पी ट्रॅप. इथे खाली शटरचं कपाट आहे, क्रोम कोणाला दिसत नाही. शिवाय हे जेवणानंतर हात धुवायचं बेसिन, ताटातलं काही ना काही जातंच. बॉटलच्या कपात पाणी रुंद जागेत येऊन मंद होतं आणि शितं, तूप, बेसनाचं पाणी तळाशी बसतं. पी मध्ये पाइपाची रुंदी सगळीकडे सारखी, पाणी वेगाने वळून जातं आणि बरंचसं सोबत नेतं. बॉटलच्या बाजूने एकच गोष्ट खरी, साफ करायला हाताने कप उघडला की झालं, आणि नाकातली चमकी पडली तर ती कपातच सापडते. काकू म्हणाल्या, "मला महिन्याला कप उघडत बसायचं नाहीये, तू ते वाकडं बसव." म्हणून पी.

बसवायच्या आधी कपाटात जागा मोजली. यू चा तळ आउटलेटच्या मध्यापासून जवळजवळ १२५ मिलीमीटर खाली जातो, म्हणजे फरशीपासून ३०० वर. कपाटाची खालची फळी २५० वर, मधे ५० राहतात, यू काढून बाजूला घ्यायला तेवढे पुरतात. ड्रॉवर असता तर अडलं असतं आणि मग बॉटलच बरा, तो आडवी जागा कमी खातो. भिंतीतला पॉइंट कपलिंगच्या सरळ रेषेत नव्हता, ४० मिलीमीटर डावीकडे होता. बॉटलचा आडवा पाइप त्यामुळे भिंतीत तिरका घुसत होता आणि फ्लँज एका बाजूने उचललेली, प्लंबरने सिलिकॉन तिथेच भरलं होतं. पी मध्ये यू थोडा फिरवला की आडवा पाइप भिंतीला काटकोनात येतो, तिरकेपणा यू खाऊन टाकतो.

काम असं झालं. उभा तुकडा कोरडा लावून खूण केली आणि ३० मिलीमीटर कापला, १७० ठेवला. यू च्या तोंडात ४० गेला. तीसपेक्षा कमी गेला तर नट पकडतो पण धक्का लागला की निसटतो, आणि फार आत गेला तर वळणाला टेकून वाट अडवतो. कापलेली कड कानसने घासून घेतली, नाहीतर रबराला चरे पडतात. निमुळत्या वॉशरची निमुळती बाजू जॉइंटच्या आतल्या दिशेने. या नटांवर टेफ्लॉन गुंडाळून काही होत नाही, पाणी वॉशर अडवतो, आटे फक्त त्याला दाबतात. हाताने घट्ट आणि मग पाव फेरा, पान्याने जोर लावला की प्लास्टिकचा नट चिरतो. भिंतीतल्या दीड इंची पाइपाच्या तोंडात रबरी रिड्यूसर बसवला आणि त्यातून सव्वा इंची पाइप ४५ मिलीमीटर आत सरकवला, मागच्या एल्बोला टेकणार नाही एवढाच. जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, फ्लँज आता सपाट बसली.

मग बेसिन ओव्हरफ्लोपर्यंत भरून एकदम सोडलं आणि प्रत्येक नटाभोवती टिश्यू फिरवला, सगळे कोरडे. पण इथे टिश्यूने काम संपत नाही, सील उभा राहिला की नाही तेही बघायचं. पाणी पूर्ण गेल्यावर जाळी काढून टॉर्च मारला, उभ्या पाइपच्या खाली पाण्याचा आरसा चमकतोय आणि बेसिन रिकामं होताना शेवटी घुरघुर झाली तरी तो जागेवरच आहे. वरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना सांगून त्यांच्या बेसिनमधून आणि बाथरूममधून एकदम पाणी सोडायला लावलं, टॉर्च तसाच धरून. पाणी थोडं हललं, खाली गेलं नाही.

काढलेला बॉटल ट्रॅप फेकला नाही. त्याच घरात बाथरूमच्या बेसिनला नुसता फ्लेक्सिबल पाइप नहाणीत सोडलेला आहे, पण तिथे नहाणीचा सील आहे आणि वासाची तक्रार नाही, म्हणून तिथे त्याच्यावर दुसरा ट्रॅप चढवला नाही. दोन ट्रॅप एकामागे एक आले की मधली हवा कोंडते आणि पाणी अडखळत जातं. काढलेला बॉटल काकूंच्या जावेकडे जाणार आहे, तिथे भिंत अजून उघडी आहे, ओटा अजून बसायचाय, आणि एक मीटरची रेघ मारून कपलिंगचं टोक, पाइपची लांबी आणि ६० मिलीमीटर सील धरून पॉइंटची खूण मी भिंतीवर पेन्सिलने करून आलोय.